सुई, आडव्या ओळी आणि तो π: एका प्रतिक्रियेला उत्तर

आडव्या ओळींच्या कागदावर ओळींतल्या अंतराएवढीच लांब सुई टाकली तर ती एखाद्या ओळीला छेदण्याची शक्यता २/π असते, असं मी फोटोसकट लिहिलं होतं. त्यावर आलेली प्रतिक्रिया:

«तुमच्या फोटोवर पट्टी लावून मोजलं तर सुई दोन ओळींमधल्या अंतरापेक्षा मोठी भरतेय, मग २/π हे उत्तर लागू कसं होतं? शिवाय सगळे कोन सारख्याच शक्यतेचे का धरले? मी सुईची उभी उंची शून्यापासून पूर्ण लांबीपर्यंत सारख्या शक्यतेची धरली, उत्तर सरळ ०.५ आलं. π उगाच घुसवलाय असं वाटतं.»

दोन्ही मुद्दे चांगले आहेत, आणि दुसरा तर अख्ख्या गणिताच्या मुळाशी जातो, त्यामुळे सविस्तर लिहितोय.

आधी फोटोचं. कागदावर सुई ३ सेंमी आहे आणि ओळींतलं अंतरही ३ सेंमीच, पण कॅमेरा तिरका होता. समजा त्यामुळे उभी मापं ८० टक्क्यांवर आली आणि आडवी तशीच राहिली. मग ओळींतलं अंतर दिसणार २.४ सेंमी. सुई ओळींशी ३० अंशात पडली असेल तर तिचा आडवा पसारा साधारण २.६ तसाच राहतो, उभा १.५ चा १.२ होतो, म्हणजे फोटोत ती जवळपास २.८६ सेंमी भरते. अंतर जास्त आक्रसलं, सुई कमी, म्हणून तुम्हाला सुई मोठी दिसली. सुई खरंच अंतरापेक्षा मोठी असती तर तुमची शंका बरोबर होती, तेव्हा सूत्र बदलतं. पण फोटोत दोन गोष्टी टिकतात बघा: सुई ओळीला छेदते की नाही हे बदलत नाही, कारण तिरक्या फोटोतही सरळ रेषा सरळच राहते, आणि उभ्या उंचीचं, म्हणजे सुईच्या उभ्या पसाऱ्याचं, अंतराशी गुणोत्तरही इथे तेच आहे, १.२ भागिले २.४ काय आणि १.५ भागिले ३ काय, निम्मंच. म्हणून फोटोवरून छेद मोजा, लांबी आणि कोन मोजू नका.

आता π. सुईची उभी उंची एकदा ठरली की ती ओळीला छेदण्याची शक्यता म्हणजे ती उंची भागिले ओळींतलं अंतर, इथवर तुमचं-माझं एकमत आहे. म्हणजे सगळा खेळ सरासरी उंचीचा. उंची म्हणजे लांबी गुणिले सुई ओळींशी करते त्या कोनाचा साइन. लांबी आणि ओळींतलं अंतर सारखंच आहे, तेव्हा दोन्ही १ धरू. कोन ० पासून ३० अंशांपर्यंत गेला की उंची शून्यापासून निम्म्यावर येते, उरलेली निम्मी उंची गाठायला मात्र ३० ते ९० असे ६० अंश लागतात, आणि शेवटच्या ३० अंशांत तर ती ०.८७ वरून १ पर्यंतच सरकते. म्हणजे कोन सारखे धरले तर दोन तृतीयांश वेळा सुईची उंची निम्म्याहून जास्त असते. म्हणून सरासरी ०.५ न येता २/π, म्हणजे ०.६३७ येते.

तुम्ही म्हणाल, पण कोनच सारखे का, उंची का नाही? ह्याचं उत्तर कागदावरच आहे. त्याच पानावर उभ्या ओळीही आखा, तेवढ्याच अंतरावर. आता उंची सारख्या शक्यतेची धरली तर आडव्या ओळी छेदण्याची शक्यता ०.५ येते, पण उभ्या ओळींसाठी सुईचा आडवा पसारा लागतो, म्हणजे १ वजा उंचीच्या वर्गाचं वर्गमूळ, आणि त्याची सरासरी येते π/४, म्हणजे ०.७८५. (π तुमच्याही हिशोबात बसलेलाच आहे!) मग पान पाव वळण फिरवून टाकलं तर आधी ०.५ असलेल्या ओळी ०.७८५ वर जायला हव्यात. सुई हवेत गरगरत खाली येतेय, पान कसं ठेवलंय हे तिला कळायचा काही मार्गच नाही. पान कसंही फिरवलं तरी उत्तर तेच यायला हवं असेल तर सगळे कोन सारखेच धरावे लागतात, दुसरा पर्याय उरत नाही. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बुफाँ याचा हा सुईचा प्रश्न १७७७ साली छापला गेला, आणि गणितज्ञ लाप्लासने १८१२ मध्ये उभ्या-आडव्या ओळींच्या जाळ्याचा हिशोब केला तोही कोन सारखे धरूनच.

अर्थात सुई खरंच गरगरली पाहिजे. बोटांत एकाच दिशेने धरून कागदाच्या जवळून सोडली तर कोन एका बाजूला गोळा होतात, आणि तिथे ०.६३७ लागू होणार नाही, पण तसं झालं तर बहुतेक वेळा कळतंही लगेच, कारण कोन ४५ अंशांच्या आसपास गोळा झाले नसतील तर उभ्या आणि आडव्या ओळींचे छेद वेगवेगळे येतात.

शंका असेल तर ४०० वेळा टाकून बघा. तुमच्या हिशोबाने आडव्या ओळींना २०० च्या आसपास छेद यायला हवेत, माझ्या हिशोबाने २५५ च्या, आणि नशिबाने होणारा चढउतार साधारण दहाचा, म्हणजे दोन्हींतला फरक स्पष्ट दिसेल. त्यातून π काढू नका मात्र, एवढ्या फेकींत तो ०.१२ ने सहज इकडेतिकडे होतो. आणि कडेला पडलेल्या सुया मनाला येईल तशा वगळू नका: सुईचा मध्यबिंदू पहिल्या आणि शेवटच्या ओळीच्या मध्ये असेल तर मोजायची, नसेल तर फेक रद्द.