दोन कॉलमचा रेझ्युमे आणि नोटपॅडची कसोटी

ऑनलाइन रेझ्युमे बिल्डरवर टेम्प्लेट निवडताना आपण बहुधा एखादे चित्र निवडावे तसे निवडतो. उमेदवारांचे अर्ज वाचण्याचे काम बरीच वर्षे केल्यावर माझे मत असे झाले आहे की सर्वांत देखणे, म्हणजे डावीकडे गडद पट्टा आणि उजवीकडे अनुभव असलेले दोन कॉलमचे टेम्प्लेटच अनेकदा सर्वांत जास्त नुकसान करते.

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीने तिचा रेझ्युमे तपासायला पाठवला. डावीकडच्या निळ्या पट्ट्यात फोटो, फोन नंबर आणि कौशल्ये होती, तर उजवीकडे नोकऱ्यांची माहिती. डोळ्यांना सगळे नीटनेटके दिसत होते. मी पीडीएफ उघडली आणि `pdftotext -layout` हा आदेश चालवला. हा आदेश पानावरची मांडणी जशीच्या तशी राखून मजकूर बाहेर काढतो. हाती आले ते असे:

```
SKILLS    Accounts Executive, 2019 - 2023
Excel     Cut monthly closing from 9 days
SAP       to 5 by matching bank entries
```

हे तुम्ही-आम्ही कॉलमप्रमाणे वाचतो, पण कंपन्या आलेले अर्ज ज्यातून वाचून घेतात त्या, सरळ ओळीने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला यात "9 days SAP to 5" असे वाक्य दिसते. महिनाअखेरीचे हिशेब नऊऐवजी पाच दिवसांत पूर्ण करण्याची तिची सर्वांत मोठी कामगिरी तिथेच विस्कटली. याचे कारण पीडीएफच्या घडणीत आहे. बहुतेक पीडीएफमध्ये परिच्छेद किंवा कॉलम अशी नोंद नसते. कोणते अक्षर पानावर कुठे उमटवायचे एवढेच त्यात असते आणि वाचनाचा क्रम सॉफ्टवेअरला अंदाजाने लावावा लागतो. हाच आदेश `-layout` न लावता चालवला, तेव्हा मजकूर बराचसा योग्य क्रमाने आला. म्हणजे एकच फाइल एका कंपनीच्या यंत्रणेत नीट वाचली जाईल आणि दुसरीकडे तिचा चिवडा होईल, आणि उमेदवाराला यातले काहीच कळणार नाही. यंत्र रेझ्युमे परस्पर नाकारते ही भीती मला बरीचशी अतिरंजित वाटते. त्याहून साधी गोष्ट घडते: पद, कंपनी, वर्षे या रकान्यांत चुकीचा मजकूर भरला जातो आणि भरती करणारी व्यक्ती शोध घेते तेव्हा तुमचे नाव समोर येत नाही.

आदेश वगैरे चालवायचे नसतील तर Ctrl+A, Ctrl+C करून सगळा मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवावा आणि वरपासून खालपर्यंत वाचावा. काहीच निवडता आले नाही, तर बिल्डरने पानाचे चित्र करून दिले आहे असे समजावे आणि ते टेम्प्लेट सोडून द्यावे. शीर्षकातली अक्षरे "E X P E R I E N C E" अशी सुटी पडली असतील, तर तो विभाग ओळखला जाण्याची शाश्वती नाही. फोनच्या चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन आला तर फारसे बिघडत नाही, नंबर मात्र शाबूत असला पाहिजे. वर्डच्या फाइलमध्ये नाव-पत्ता हेडरमध्ये टाकलेला असेल तर तो मूळ मजकुरात आणावा, कारण काही यंत्रणा हेडर वाचतच नाहीत.

कौशल्यांपुढच्या पाच ठिपक्यांबद्दल तर मला कायमच राग आहे. एक्सेलला चार ठिपके म्हणजे नेमके काय, हे माणसालाही सांगता येत नाही आणि यंत्राला तर ते ठिपके म्हणजे नुसती नक्षी असते.

पण माझा मुख्य आक्षेप जागेबद्दल आहे. ए-४ पान 210 मिलिमीटर रुंद असते. दोन्ही बाजूंना 20 मिलिमीटर समास सोडला तरी मजकुराला 170 मिलिमीटर उरतात. मैत्रिणीच्या टेम्प्लेटमध्ये पट्ट्याने 70 खाल्ले होते आणि आतला-बाहेरचा समास वजा जाता अनुभवाला जेमतेम 110 मिळाले होते. जे वाक्य दीड ओळीत बसले असते, ते तीन ओळींत मोडत होते. मग पान भरले म्हणून तिने बँकेच्या नोंदी जुळवण्याची पद्धत कशी बदलली, हा भागच काढून टाकला होता. त्याच वेळी डावा पट्टा खालच्या अर्ध्या भागात कोरा होता! टेम्प्लेटच्या नमुन्यात प्रत्येक नोकरीखाली दोन छोटी वाक्ये असतात, म्हणून ते सुबक दिसते; खऱ्या माणसाचे काम त्या मापाने झालेले नसते. त्यामुळे टेम्प्लेट पारखताना आपल्या सर्वांत मोठ्या नोकरीचा पूर्ण मजकूर आधी त्यात घालून पाहावा.

शेवटी आम्ही एका कॉलमचे साधे टेम्प्लेट घेतले. फोटो गेला, ठिपके गेले, फोन नंबर नावाखाली आला, आणि काढलेला भाग परत घालूनही सगळे एका पानात मावले. शीर्षकांखालची निळी रेघ मात्र तिने हट्टाने ठेवून घेतली, आणि नोटपॅडमध्ये तिचा काहीच त्रास झाला नाही.