साइनचा आलेख उसना आणलेला नाही

स्प्रिंगला बांधून सोडलेल्या वजनाचं विस्थापन काळानुसार साइनसारखं बदलतं, यावर आक्षेप असा: «F = −kx म्हणजे सरळ रेषा. तिच्यातून वळणदार साइन येईलच कशी? ती वर्तुळावरून उचलून चिकटवली आहे. शिवाय स्प्रिंग जास्त ताणली की फेरीला वेळही जास्त लागणारच.»

इथे F म्हणजे स्प्रिंगचं बल, x म्हणजे विस्थापन आणि k म्हणजे स्प्रिंगचा ताठरपणा. रेषा सरळ आहे हे खरं, पण तिच्या आडव्या अक्षावर विस्थापन असतं, काळ नव्हे. काळ येतो तो ma = −kx लिहिल्यावर, कारण त्वरण म्हणजे वेग दर सेकंदाला किती बदलतो ते.

आता वर्तुळाचं नावही न घेता आकडे मांडू. वस्तुमान ०.५ किलो, k ५० न्यूटन प्रति मीटर. म्हणजे त्वरण विस्थापनाच्या १०० पट, उलट दिशेला. वजन ४ सेंमी ताणून अलगद सोडलं आणि ०.०५ सेकंदाची पावलं धरली. सुरुवातीचं त्वरण ४ मी/से² असल्याने पहिल्या पावलाच्या मध्यावर, ०.०२५ सेकंदाला, वेग ०.१ मी/से होतो. त्या वेगाने वजन पावलाभरात ०.५ सेंमी मागे येतं, उरतात ३.५. आता त्वरण ३.५, म्हणून वेगात ०.१७५ ची भर पडून तो ०.२७५ होतो आणि विस्थापन २.१ वर येतं. आणखी एक पाऊल, की ०.२.

x = A cos(ωt) मध्ये आयाम A, म्हणजे सर्वात जास्त विस्थापन, ४ सेंमी आणि ω = √(k/m) = १० घातलं तर याच क्षणांना ४, ३.५१, २.१६, ०.२८ येतात. पावलं बारीक करा, उरलेला फरकही घटतो. (सगळीकडे ४.०० दिसत असेल तर कॅल्क्युलेटर अंशांवर आहे, रेडियनवर आणा.) सोडताना वजन टोकाला होतं म्हणून कोसाइन आली, मध्यातून धक्का दिला असता तर साइन. आकार तोच, पाव फेरी सरकलेला.

वळण कुठून आलं तेही या आकड्यांत दिसतं. टोकाशी बल मोठं, वेग झपाट्याने बदलतो, म्हणून आलेख तिथे वाकतो. मध्याजवळ बल जवळपास शून्य, वेग फारसा बदलत नाही, म्हणून तिथे तो जवळजवळ सरळ उतरतो.

राहिला वेळ. ४ ऐवजी ८ सेंमी ताणा: अंतर दुप्पट, पण बल, त्वरण आणि प्रत्येक पावलातला वेगही दुप्पट. आकडे ८, ७, ४.२, ०.४ होतात आणि मध्य त्याच क्षणी ओलांडला जातो. आवर्तकाल 2π√(m/k), म्हणजे ०.६३ सेकंद, त्यात आयाम नाहीच.

मात्र स्प्रिंग हूकच्या नियमात, म्हणजे F = −kx मध्ये, राहिली तरच. हेच वजन टांगलं तर स्प्रिंग मुळातच ९.८ सेंमी लांबते. x त्या समतोल जागेपासून मोजायचा, न ताणलेल्या टोकापासून मोजला तर F = −kx जुळत नाही. आणि घट्ट वेटोळ्यांची स्प्रिंग समतोल जागेपासून ९.८ सेंमीपेक्षा जास्त खाली ओढून सोडली, तर वर जाताना वेटोळी एकमेकांना टेकतात. तिथे आलेखाचं वरचं टोक साइनसारखं राहत नाही आणि आवर्तकालही बदलतो.