उजवा म्हणजे वेज? मग ग्लुकोजचा टॅलोज होतो

"फिशरवरून झिगझॅग काढायची एकच ट्रिक: OH उजवीकडे असेल तर वेज, डावीकडे असेल तर डॅश. उजवा OH म्हणजे R, डावा म्हणजे S. फिशर आडवी केली तरी फरक पडत नाही. सगळ्या मित्रांना पाठवा!"

इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या कुठल्याशा क्लासच्या ग्रुपवरून फिरत फिरत हा मेसेज माझ्या भाचीपर्यंत आला, आणि बाईसाहेबांनी तो वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने उतरवून ठेवला. तो खोडायचं काम आता माझ्याकडे.

खरं नुकसान वेज-डॅशच्या वाक्यात आहे, म्हणून आधी तेच. फिशर चित्रात आडव्या रेघा आपल्याकडे येतात आणि उभ्या रेघा मागे जातात. आययूपॅकच्या त्रिमितीय रचना कशा काढाव्यात याबद्दलच्या २००६ सालच्या शिफारशींतही हाच अर्थ दिलेला आहे. हा अर्थ एकेका कार्बनला लावत खाली उतरलं की साखळी सरळ राहतच नाही, बांगडीसारखी मागे वळते. झिगझॅगमध्ये मात्र साखळी ताणलेली असते. बांगडी ताणायची तर एकाआड एक कार्बन अर्धा फिरवावा लागतो. म्हणून फिशरमध्ये लागोपाठच्या दोन कार्बनांवर एकाच बाजूला असलेले OH झिगझॅगमध्ये एक वेज आणि एक डॅश होतात.

फिशरचं वरचं टोक झिगझॅगच्या डाव्या टोकाला ठेवून बघा. खालच्या कोपऱ्यांवरच्या कार्बनांना उजवा-वेज बरोबर बसतं, वरच्या कोपऱ्यांवर ते नेमकं उलटं: उजवा तो डॅश, डावा तो वेज. सगळीच केंद्रं चुकली असती तर निदान आरशातलं प्रतिबिंब हाती आलं असतं. निम्मी चुकली की पदार्थच बदलतो. डी-ग्लुकोजमध्ये दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या कार्बनवरचे OH उजवीकडे, तिसऱ्यावरचा डावीकडे. दुसरा कार्बन वरच्या कोपऱ्यावर ठेवून ट्रिक लावली की दुसरं आणि चौथं केंद्र उलटतं, आणि कागदावर उरतो डी-टॅलोज. दुसरा कार्बन खालच्या कोपऱ्यावर ठेवला तर तिसरं आणि पाचवं उलटतं, आणि येतो एल-टॅलोज. ग्लुकोज काही केल्या येत नाही.

आता R-S. इथे अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. ग्लुकोज, मॅनोज, गॅलॅक्टोज, तिन्हींमध्ये उजवा R आणि डावा S असंच निघतं. पण त्याचं कारण उजवी बाजू नव्हे. या साखरांमध्ये प्रत्येक केंद्राचा वरचा कार्बन खालच्या कार्बनपेक्षा अग्रक्रमात वरचढ असतो, एवढंच. खालचा वरचढ झाला की संपलं.

आपल्या चिंचेतलं टार्टारिक आम्ल घ्या. फिशरमध्ये वर-खाली COOH, दुसऱ्या कार्बनवर OH उजवीकडे, तिसऱ्यावर डावीकडे. दुसऱ्या कार्बनवर अग्रक्रम OH, वरचा COOH, मग खालचा कार्बन. उजवीकडून वर आणि तिथून खाली गेलं की फेरी घड्याळाच्या उलट होते. H आडव्या रेघेवर म्हणजे आपल्याकडे आहे, म्हणून उत्तर उलटवायचं: R. तिसऱ्यावर OH डावीकडे, पण वरचढ COOH आता खाली आहे. डावीकडून खाली आणि मग वर, फेरी पुन्हा घड्याळाच्या उलट. उलटवलं की R. म्हणजे 2R,3R. ट्रिक सांगते R आणि S, म्हणजे मेसो टार्टारिक, जे ध्रुवित प्रकाश जराही वळवत नाही.

आणि खरी गंमत पुढेच आहे. ट्रिकनेच झिगझॅग काढला तर एक OH वेज आणि एक डॅश येतो, आणि झिगझॅगमध्ये तेही मेसोच! पोरगी चित्र काढणार, नाव पडताळणार, दोन्ही जुळणार आणि दोन्ही चूक असणार. दुसरा कार्बन वरच्या कोपऱ्यावर ठेवलात तर बरोबर चित्रात दोन्ही OH डॅशवर येतात. ताळा करायचा तर फिशरवरून R-S काढा, मग झिगझॅगवरून फिशरकडे न बघता पुन्हा काढा. डॅशवर OH असला की H वेजवर येतो, तेव्हा तिथेही उत्तर उलटवायचं. असं करताना दोन्ही वेळा 2R,3R आलं तरच चित्र बरोबर.

सिस्टीनलाही ही ट्रिक लावून बघा. एल-सिस्टीनमध्ये COOH वर आणि NH₂ डावीकडे असतो, तरी केंद्र R, कारण गंधकामुळे खालचा CH₂SH वरच्या COOH ला मागे टाकतो. सेरीनमध्ये गंधक नाही, तिथे तेच चित्र S.

आडव्या फिशरचं एका वाक्यात: कागदावरच १८० अंश फिरवा, चालतं, ९० अंश फिरवलं की मागच्या रेघा पुढे आणि पुढच्या मागे जातात, आणि प्रत्येक केंद्र उलटतं.