‘व्हायरल लोड सापडला नाही’ या अहवालाचा जोडीदारासाठी आणि बाळासाठी अर्थ

लोकांत एक संदेश फिरतो: “आईला एचआयव्ही असेल तर बाळाला होतोच. अहवालात विषाणू सापडत नाही म्हणून सांगितले तरी नवऱ्याला धोका असतोच. या गोळ्या गर्भाला बाधतात, म्हणून गरोदरपणात बंद ठेवाव्यात आणि बाळाला अंगावर अजिबात पाजू नये.”

पहिले विधान उपचार न घेणाऱ्या आईलाही लागू पडत नाही. उपचारच नसतील तर गर्भारपण, प्रसूती आणि स्तनपान मिळून बाळाला लागण होण्याचे प्रमाण साधारण १५ ते ४५ टक्के असते. आई गर्भधारणेच्या आधीपासून नियमित उपचार घेत असेल आणि प्रसूतीच्या सुमारास व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, दर मिलीलिटरमागे ५० प्रतींच्या खाली असेल, तर पोटात असताना किंवा जन्माच्या वेळी लागण होणे जवळजवळ संपुष्टात येते. फ्रान्समध्ये अशा २,६५१ मातांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा जन्मापर्यंत एकाही बाळाला लागण झालेली आढळली नाही.

गोळ्या बंद करण्याचा सल्ला या संदेशातला सर्वांत घातक भाग आहे, कारण बाळाला वाचवतात त्या याच गोळ्या. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा वाढतो आणि तो नेमका प्रसूतीच्या तोंडावर वाढलेला असू शकतो. डोल्युटेग्रावीर या एचआयव्हीवरील औषधाविषयी २०१८ मध्ये गर्भाच्या मज्जारज्जूतील दोषाची शंका निघाली होती, हे खरे आहे. पण पुढे अधिक गर्भारपणांची माहिती हाती आल्यावर ती टिकली नाही.

प्रत्यक्षात अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. समजा, एका स्त्रीला चोविसाव्या आठवड्यात निदान झाले, व्हायरल लोड ६२,००० प्रती निघाला आणि त्याच दिवशी टेनोफोवीर, लॅमिव्ह्युडीन व डोल्युटेग्रावीर यांची एकत्रित गोळी सुरू झाली. महिन्याभरात आकडा ३१० वर आला, पण चौतिसाव्या आठवड्यात तो ६४० झाला. एकही गोळी चुकली नाही, असे ती सांगते आणि ते खरेही आहे. फक्त ती सकाळी उपाशीपोटी हीच गोळी लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांबरोबर घेत होती. ही खनिजे पोटात डोल्युटेग्रावीरला बांधून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसे शोषले जात नाही. म्हणून डोल्युटेग्रावीर लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे, अथवा ही तिन्ही औषधे एकत्रच जेवणाबरोबर घ्यावीत. वेळा बदलल्यावर सदतिसाव्या आठवड्यात आकडा ५० च्या खाली आला, तर केवळ एचआयव्हीपोटी सिझेरियन करण्याचे कारण उरत नाही. प्रसूतीनंतर बाळाला सहा आठवडे नेव्हिरापीनचे पातळ औषध दिले जाते. आईचा आकडा प्रसूतीजवळ हजाराच्या वर असता, तर बाळाची औषधे वाढवावी लागली असती.

नवऱ्याविषयीचे विधान तर सरळसरळ चुकीचे आहे. पार्टनर नावाच्या अभ्यासात, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशा ८८८ जोडप्यांनी निरोधाविना मिळून सुमारे ५८,००० वेळा संबंध ठेवले. त्या काळात ११ जोडीदारांना लागण झाली खरी, पण त्यांच्या विषाणूची जनुकीय घडण घरच्या जोडीदाराच्या विषाणूशी जुळली नाही. म्हणजे लागण बाहेरून आली होती. तेव्हा उपचार किमान सहा महिने चालू असतील, आकडा सातत्याने दाबलेला असेल आणि गोळ्या चुकत नसतील, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही आणि अशा जोडप्याला मूलही नैसर्गिक रीतीने होऊ देता येते. मात्र सिफिलिस किंवा गोनोरियापासून हा अहवाल कोणालाच संरक्षण देत नाही.

स्तनपानाबाबत मात्र हेच ‘शून्य’ जसेच्या तसे उचलू नये. रक्तात विषाणू सापडत नसला तरी दुधातील पेशींत तो दडलेला असू शकतो आणि बाळ ते दूध महिनोन्महिने, दिवसातून अनेकदा पिते. आईच्या उपचारांखाली हा धोका एक टक्क्याहून कमी राहतो, पण शून्य म्हणता येत नाही. स्वच्छ पाणी आणि वरचे दूध खात्रीने व अखंड मिळत असेल, तर ते देऊन हा उरलेला धोका टाळता येतो. मिळत नसेल, तर अतिसार आणि कुपोषण हेच बाळाला मोठे संकट ठरते आणि आईने गोळ्या चालू ठेवून पाजणेच श्रेयस्कर असते. पाजायचे ठरले, तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचेच दूध द्यावे.

बाळाची तपासणीही समजून करावी लागते. आईच्या शरीरातील प्रतिपिंडे बाळात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे नेहमीची चाचणी निरोगी बाळालाही ‘पॉझिटिव्ह’ दाखवते. म्हणून चार ते सहा आठवड्यांच्या वयात विषाणूच शोधणारी पीसीआर चाचणी करतात. ती निगेटिव्ह आली तरी स्तनपान चालू असेपर्यंत निकाल अंतिम धरता येत नाही, आणि दूध पूर्ण तुटल्यावर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी लागते.