हात सलामत तर मसाले पचास

‘‘म्हणजे आमच्या मसाल्याने हाताला इजा होते, असे तुम्हाला सुचवायचे आहे का?’’ हा प्रश्न मला परवा दुपारी फोनवर विचारण्यात आला. विचारणारे गृहस्थ मसाल्याच्या कारखान्याच्या मालकांचे मेव्हणे होते, आणि शारजातील एका गोदामात बरीच वर्षे काढल्यामुळे कारखान्याच्या अरबी व्यवहारावर त्यांचा अंतिम शब्द चालत असे.

काम दिसायला साधे होते. आखाती देशांत पाठवायच्या मसाल्याच्या पाकिटावर ‘आईच्या हातची चव’ ही ओळ अरबीत यायला हवी होती. मजकूर म्हणून माझ्याकडे आला तो पाकिटाचा मोबाइलवर काढलेला फोटो, तोही व्हॉट्सॲपवरून येताना अंग चोरून आलेला. फोटोत एक हसरी आई मुलाला घास भरवत होती आणि तिच्या डोक्यावर लाल पट्टीत ती ओळ होती. तरीही मला अशा फोटोचा राग नाही, कारण नुसती ओळ हातात आली असती तर तिच्याखाली कोण बसले आहे, पट्टी किती लांब आहे आणि ओळ वाचून नजर कुठे उतरते हे कळले नसते. घोषवाक्याचे निम्मे काम त्याच्या शेजारचे चित्र करते, आणि दुसऱ्या भाषेत नेताना त्या चित्राशीही नाते जमवावे लागते.

आता ही ओळ शब्दशः नेली तर ‘तअम यद अल्-उम्म’ असे काहीतरी होते. व्याकरणात खोट काढता येणार नाही, पण ऐकणाऱ्यापुढे आईचा हात चाटून पाहिल्याचे चित्र उभे राहते. आपल्याकडे ‘हातची चव’ म्हटले की हात विसरला जातो आणि चव उरते, तिथे मात्र हातच उरतो. सुगरणीबद्दल अरब माणूस बोलतो ते तिच्या ‘नफस’बद्दल, म्हणजे श्वासाबद्दल, अमकीचा स्वयंपाकातला श्वास चांगला आहे, म्हणजे तिच्या हाताला चव आहे. मी आनंदाने ‘आईचा नफस’ असे लिहिले आणि लगेच खोडले. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे पाकिटावर ‘नफस’ आणि ‘नफ्स’ एकसारखेच दिसतात, आणि ‘नफ्स’ म्हणजे जीव, आत्मा, शिवाय ‘तोच, तसाच’ असेही होते. दुकानातल्या फळीसमोर गाडा ढकलत चाललेल्या बाईने क्षणभर थांबून ‘आईचा आत्मा’ असे वाचावे आणि पुढच्या मसाल्याकडे वळावे, हे मला परवडणारे नव्हते. स्वरचिन्ह देऊन उच्चार पक्का करता येतो, पण पाकिटाच्या तोंडावर अशी चिन्हे शाळेच्या पहिल्या वाचनमालेसारखी दिसतात.

मग सापडले ‘तिस्लम ईदक’. जेवण झाल्यावर वाढणाऱ्याला अरब घरांत हे म्हणतात. शब्दांचा अर्थ ‘तुझा हात सलामत राहो’ एवढाच, पण ज्याला हे ऐकायला मिळते त्याच्या स्वयंपाकाला दाद मिळालेली असते. माझ्या मते ही ओळ मूळ ओळीपेक्षाही सरस होती, कारण हातही टिकला, घरही टिकले, आणि पाकीट विकत घेणारीला आपल्या जेवणानंतर काय ऐकायला मिळेल याचे आमिषही त्यात आले. शिवाय पुरुषाला ‘ईदक’ आणि स्त्रीला ‘ईदिक’ म्हणत असले, तरी तोच ऱ्हस्व स्वर न लिहिण्याचा कायदा इथे आमच्या बाजूने होता. लिहिताना दोन्ही एकच. ‘चाखून पाहा’सारखी आज्ञा दिली असती तर पुरुषाला द्यायची की स्त्रीला हे छापण्याआधी ठरवावे लागले असते, कारण तिथे अक्षरच बदलते. ओळ बोलीतली आहे, ग्रंथातली नाही, हे मी टिपणात प्रामाणिकपणे नोंदवले, आणि रिवाजाप्रमाणे शेजारी मराठी शब्दशः अर्थही लिहिला, म्हणजे ग्राहकाला आपण काय छापतो आहोत ते कळावे. त्या शब्दशः अर्थानेच घात केला.

‘‘हात सलामत राहो, हे फटाक्यांच्या खोक्यावर शोभेल,’’ मेव्हणेसाहेब म्हणाले. मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले, की हा आशीर्वाद आहे, आणि त्यात हाताला काही होण्याचा प्रश्नच नाही. ‘‘मग राहो कशाला? सलामत आहेच की.’’ मी म्हटले, आपणही ‘आयुष्मान भव’ म्हणतो, तेव्हा समोरचा मरणाच्या दारात असतो असे नाही. त्यावर ते थोडे थांबले, आणि मला वाटले जिंकलो. ‘‘ते ठीक आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण यात आई कुठे आहे?’’ मी म्हटले, आई फोटोत आहे. ‘‘आणि चव?’’ चव पाकिटात आहे, असे मी बोलून गेलो, आणि ते बोलणे चर्चेला फारसे पोषक ठरले नाही. शारजात आपण रोज अरबांशी बोलत होतो, असे त्यांनी मला ऐकवले, आणि पुरावा म्हणून ‘याल्ला’, ‘खलास’ आणि ‘माफी मुश्किला’, म्हणजे ‘चला’, ‘संपले’ आणि ‘काही हरकत नाही’, हे तीन शब्द एका दमात म्हणून दाखवले. ‘यद’ म्हणजे हात हे त्यांना ठाऊक होते, आणि ‘यद’ ओळीत दिसत नसल्यामुळे मी हात खाल्ला, अशी त्यांची खात्री झाली होती. ‘ईद’ म्हणजे तोच हात, बोलीतला, हे मी सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, ‘‘सणाचा काय संबंध?’’

इथे थोडे रागाने सांगतो. पाकिटाच्या मागची बाजू शब्दाला शब्द ठेवूनच करावी लागते, कारण आखाती देशांच्या नियमांनुसार घटक, तारखा वगैरे तपशील अरबीत हवेच असतात, आणि तिथे हळद म्हणजे ‘कुर्कुम’ आणि जिरे म्हणजे ‘कम्मून’, यात कल्पनाशक्तीला वाव नाही. त्या बाजूचे कोणी एक अक्षर तपासले नाही. तपासणी झाली ती फक्त जिथे स्वातंत्र्य हवे होते तिथे.

शेवटी छपाईचा नमुना आला तो ‘तअम यद अल्-उम्म’ घेऊनच. पण ते वाचायचीही गरज नव्हती. अरबी अक्षरे एकमेकांना धरून चालतात. इथे ती सुटी सुटी, रांग मोडल्यासारखी उभी होती, आणि उलट क्रमाने. ज्या सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय चालू केलेली नसते तिथे असेच होते, आणि लिपी न येणाऱ्यालाही ही चूक ओळखता येते: सगळी अक्षरे एकमेकांपासून अलग दिसली की समजावे. छापखान्यातल्या कलाकाराने पट्टी भरून काढण्यासाठी त्यांच्यात आणखी अंतरही सोडले होते. अरबीत ओळ लांबवायची तर अक्षरांमधली जोडरेघ ताणतात, तिला ‘कशीदा’ म्हणतात. मोकळी जागा सोडून ओळ लांबवली की शब्दच तुटतो.

शिवाय ‘अरबी उजवीकडून असते ना’ म्हणून त्याने सगळा फोटोच आरशासारखा उलटवला होता. आई आता डाव्या हाताने घास भरवत होती. हे आखातात चालत नाही आणि आपल्या आजीपुढेही चालले नसते. मी तातडीने फोन केला. ‘‘माफी मुश्किला,’’ मेव्हणेसाहेब म्हणाले, ‘‘घटकांचे स्टिकर नेमके त्या हातावर लावू.’’

त्यानंतर हिशेब आला. दर शब्दाला होता आणि मोजणी मूळ मराठीची, म्हणजे तीन शब्द. खाली पेनाने टीप होती, की पुढच्या महिन्यात चटणीचे पाकीट येणार आहे, त्यावर फक्त ‘झणझणीत’ एवढेच आहे, तेव्हा ते ओळखीखातर तसेच करून द्यावे.