भाडेकरूंना सभेची नोटीस इंग्रजीत द्या, पण ती त्यांच्यासाठी लिहून द्या

सप्टेंबर आला की सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा मोसम सुरू होतो, कारण ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावीच लागते. पुण्यात आमच्यासारख्या कितीतरी इमारतींत आता तिसरा हिस्सा घरं भाड्याने दिलेली असतात. ओडिशा, केरळ, बंगालहून आयटीत किंवा हॉस्पिटलात नोकरीला आलेली माणसं तिथे राहतात. नोटीस मात्र फळ्यावर मराठीत लागते आणि ती मराठीतच असावी, कारण आपलं दप्तर मराठीत आहे. त्याच्या शेजारी इंग्रजी कागद लावायचा का, यावर आमच्या कमिटीत दरवर्षी दोन तट पडतात. एक म्हणतो, भाडेकरूंना सभेशी काय देणंघेणं? दुसरा म्हणतो, जसंच्या तसं भाषांतर करून टाका. माझ्या मते दोन्ही चूक आहेत. गेली काही वर्षं हे काम माझ्याकडे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मराठी नोटिशीचा साचा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, ताळेबंदास मंजुरी देणे, लेखापरीक्षकाची नेमणूक करणे, मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळच्या विषयांवर विचार करणे. खाली तळटीप असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. ही वाक्यं सभासदासाठी आहेत आणि त्यांना कायद्याचं वजन आहे. सभेआधी पूर्ण १४ दिवस मिळाले पाहिजेत आणि त्यात नोटिशीचा आणि सभेचा दिवस धरत नाहीत. म्हणजे २८ तारखेची सभा असेल तर नोटीस उशिरात उशिरा १३ तारखेला सभासदांच्या हाती पडायला हवी. इंग्रजी कागदाला असं कुठलंच बंधन नाही. भाडेकरू सभासद नसतो, त्यामुळे त्याला नोटीस मिळाली नाही म्हणून सभा बाद होत नाही. म्हणूनच त्या कागदावर साचा उतरवत बसायची गरज नाही. त्यात भाडेकरूला जे लागतं तेच लिहावं.

त्याला काय लागतं ते एका खऱ्या विषयावरून सांगतो. आमच्या बी विंगची लिफ्ट जुनी झाली आहे. विषयपत्रिकेवर ओळ होती, "बी विंगची लिफ्ट बदलण्याबाबत आलेल्या दरपत्रकांवर विचार करून निर्णय घेणे." यात अजून काहीच ठरलेलं नाही, हे मराठी वाचणाऱ्याला "विचार करून" या दोन शब्दांवरून कळतं. घाईत केलेल्या इंग्रजीत हीच ओळ "रिप्लेसमेंट ऑफ बी विंग लिफ्ट" एवढीच उरते आणि वाचणाऱ्याला वाटतं, लिफ्ट बदलणार हे नक्की झालं. फळ्यावर अशी ओळ लागली की दुसऱ्याच दिवशी सातव्या मजल्यावरची मुलगी सेक्रेटरी काकांना जिन्यात गाठून विचारते, "अंकल, लिफ्ट कब से बंद होगी? मेरी मम्मी को घुटने का प्रॉब्लम है." काकांकडे उत्तर नसतं, कारण तारीखच ठरलेली नसते. तिची काळजी मात्र खरी असते. म्हणून प्रत्येक विषयापुढे आम्ही एक साधं वाक्य टाकतो: "धिस इज अ प्रपोजल. नो डिसिजन हॅज बीन टेकन येट." त्याखाली, मंजूर झाल्यास राहणाऱ्यांवर काय परिणाम होईल ते एका ओळीत: लिफ्ट काही आठवडे बंद राहील, तारखा नंतर कळवू.

दुसरं म्हणजे पैशाचा विषय. "बिनभोगवटा शुल्काचा आढावा घेणे" ही ओळ इंग्रजीत "टेनंट चार्जेस" म्हणून गेली तर चौदा घरांत घबराट होते. हे शुल्क भाडेकरूच्या नावावर लागत नाही. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी ते सभासदाच्या बिलात लावते आणि शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. महानगरपालिकेचे कर त्या सेवाशुल्कात धरायचे नाहीत. महिन्याचं सेवाशुल्क १,८०० रुपये असेल तर शुल्क फार तर १८० रुपये. मग घरमालक आणि भाडेकरू यांच्या करारात काय ठरलंय तो त्यांचा प्रश्न, आपण त्यात पडायचं नाही. पण बिल मालकाच्या नावे निघतं हे वाक्य इंग्रजी कागदावर हवंच. लिफ्टच्या वर्गणीचंही तेच.

तिसरी गोष्ट सभेच्या दिवशी दारात उभी राहते. मालक बंगळुरूला किंवा दुबईला असतो. तो भाडेकरूला व्हॉट्सॲपवर पत्र पाठवतो, "माझ्या वतीने हजर राहून मत द्यावे." भाडेकरू बिचारा रविवारची झोप सोडून छापील पत्र घेऊन येतो. आपल्या आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेत सभासदाच्या वतीने कोणी प्रतिनिधी बसू शकत नाही. अधिकारपत्र चालत नाही आणि मुखत्यारपत्रही चालत नाही. चार लोकांत त्याला परत पाठवण्याइतकं वाईट दुसरं काही नाही. त्यामुळे इंग्रजी कागदाच्या वरच्या बाजूला, तारखेच्या खालीच, आम्ही स्वच्छ लिहितो की ही माहितीसाठीची सूचना आहे, सभेला फक्त सभासद बसतात आणि मालकाच्या पत्रावर भाडेकरूला मत देता येत नाही. काही सांगायचं असेल तर सभेच्या आधी सेक्रेटरींना लेखी द्या, ते सभेपुढे ठेवलं जाईल. हे शेवटचं वाक्य मी आग्रहाने घालून घेतलंय. ज्या माणसाला मत नाही त्याला निदान आपलं म्हणणं पोचवायची वाट हवी. गुडघेदुखीच्या आईचा मुद्दा सभेत आला तो याच वाटेने.

गणपूर्ती, तहकुबी, लेखापरीक्षक यांचं भाषांतर आम्ही करतच नाही. थकबाकीदारांची यादीही इंग्रजी कागदावर नसते. तो सभासद आणि संस्था यांच्यातला व्यवहार आहे, भाडेकरूने आपल्या मालकाची थकबाकी फळ्यावर वाचणं बरं दिसत नाही.

आता सभेनंतरचं काम. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

सभेचं इतिवृत्त मराठीत, इतिवृत्त पुस्तकात, सूचक-अनुमोदकांसह, मतांच्या संख्येसह लिहिलं जातं. आधी कमिटी मसुदा नक्की करते, तो सभासदांकडे फिरतो, त्यांच्या हरकती येतात, मग ते अंतिम होतं. यात दोन-तीन महिने सहज जातात. भाडेकरूला तोवर थांबवणं शक्य नाही, कारण त्याच्या घराखालची लिफ्ट त्याआधीच बंद झालेली असू शकते. म्हणून सभेनंतर आठवड्याभरात एका पानाचा निर्णयांचा सारांश इंग्रजीत द्यावा. त्यावर "मसुदा" हा शब्द ठळक असावा आणि फरक आढळल्यास मराठी इतिवृत्त ग्राह्य धरावं, असं खाली लिहावं.

सारांश लिहिताना लोक दोन टोकांना जातात. एक, कोण काय बोललं ते सगळं. दुसरं, फक्त "लिफ्ट मंजूर". पहिल्याने भांडणं पुन्हा पेटतात. "अमुक यांनी तीव्र आक्षेप घेतला" हे वाक्य भाडेकरूच्या हाती द्यायचं काही कारण नाही. दुसऱ्याने त्याहून मोठं नुकसान होतं, कारण छोटं करताना सगळ्यात आधी अट गळते.

लिफ्टचाच ठराव बघा. सभेत अर्धा-पाऊण तास चर्चा झाली. शेवटी ठरलं ते असं: दुसरं दरपत्रक स्वीकारायचं, लिफ्ट निरीक्षकांकडून उभारणीची परवानगी मिळाल्यावरच काम सुरू करायचं, कंत्राटदाराने साधारण ४५ दिवस सांगितलेत, काम सकाळी १० ते संध्याकाळी ६ याच वेळेत चालेल, खर्च सभासदांच्या वर्गणीतून. आमच्या कमिटीतल्या एका उत्साही सभासदाने याचं इंग्रजीत केलं, "लिफ्ट वर्क अप्रूव्ह्ड, ४५ डेज." हे वाचून कोणीही आजपासून ४५ दिवस मोजेल. पण परवानगी कधी येईल ते आपल्या हातात नाही. काम संपलं तरी लिफ्ट लगेच चालू होत नाही, लिफ्ट चालवायचा परवाना यावा लागतो. म्हणजे ४५ हा आकडा फक्त कामाचा आहे, लिफ्ट बंद राहण्याचा काळ त्याहून जास्त असू शकतो. सातव्या मजल्यावर आईला आणायचं की नाही हे त्या मुलीला याच आकड्यावरून ठरवायचंय.

आम्ही शेवटी लिहिलं त्याचा आशय असा. निर्णय: बी विंगची लिफ्ट बदलणार. कधी: शासकीय परवानगी मिळाल्यावर, सुरुवातीची तारीख किमान ७ दिवस आधी कळवू. किती काळ: प्रत्यक्ष काम सुमारे ४५ दिवस, त्यानंतर परवाना येईपर्यंत लिफ्ट बंदच. तुमच्यासाठी: घर बदलायचं किंवा जड सामान आणायचं असेल तर त्याआधी करा, जिने चढणं ज्यांना अशक्य आहे त्यांनी सेक्रेटरींना कळवावं. पैसे: सभासदांकडून. जबाबदारी: सेक्रेटरी. बस, एवढंच. यात कोणाचं भाषण नाही, तरी काही सुटलंही नाही.

जे ठरलं नाही तेही एका ओळीत लिहावं, हे मी ठामपणे सांगतो. पार्किंगचा विषय त्या सभेत निर्णयाविना पुढे गेला. ते लिहिलं नाही तर आठ दिवसांत कुणीतरी वॉचमनला सांगतं, "सभेत ठरलंय, भाडेकरूंच्या दुसऱ्या गाड्या बाहेर," आणि वॉचमन गेटवर गाडी अडवतो. "पार्किंग: निर्णय झाला नाही, सध्याची व्यवस्था चालू राहील" ही ओळ वॉचमनच्या केबिनमध्येही चिकटवली, मराठीत आणि इंग्रजीत. वाद गेटवर संपला.

काम फार नाही. नोटिशीच्या इंग्रजी कागदाला एक संध्याकाळ लागते, सारांशाला तेवढीच. मात्र सारांश सभेत बसलेल्यानेच लिहावा आणि बाहेर जाण्याआधी सेक्रेटरींनी तो मराठी नोंदीशी ओळीओळीने ताडून पाहावा. अटी, आकडे आणि "ठरलं नाही" या तीन जागी बोट ठेवून. परवानगी आली की त्याच सारांशाखाली तारीख टाकून तोच कागद पुन्हा फळ्यावर लावायचा, नवा करायचा नाही.

ज्यांच्या सोसायटीत असा इंग्रजी कागद निघतो त्यांनी कमेंटमध्ये त्यांचा नमुना टाकावा, फक्त सभासदांची नावं झाकून.