तिजोरी तीन नव्हे, वह्या तीन

"सरकारकडे तीन तिजोऱ्या आहेत. एक रिकामी झाली की दुसरीतून काढायचे. आकस्मिकता निधी मंत्रिमंडळाच्या हातात, लोकलेख्यात हजारो कोटी पडून. सभागृहाची मंजुरी हा नुसता देखावा."

राज्य सरकारच्या पैशाबद्दल असा दावा ऐकू येतो. पण राज्याची रोकड बहुतेक रिझर्व्ह बँकेतल्या एकाच खात्यात असते. एकत्रित निधी, आकस्मिकता निधी आणि लोकलेखा या त्या पैशाच्या तीन वह्या. बँकेत शिल्लक किती, हा एक प्रश्न. ती खर्च करायला परवानगी कोणाची, हा दुसरा. सरकारचे कर आणि कर्जे जमा होतात त्या एकत्रित निधीतून रुपया काढायचा तर संविधानाच्या अनुच्छेद 204 प्रमाणे विनियोजन कायदा, म्हणजे खर्चाला सभागृहाची परवानगी देणारा कायदा, लागतो. तरतूद नसेल तर कोषागार देयक परत पाठवते, खात्यात शिल्लक कितीही असो.

आता आकस्मिकता निधी. समजा, ऑगस्टच्या पुरात पूल वाहून गेला. दुरुस्तीला 40 कोटी हवेत, अर्थसंकल्पात तरतूद नाही आणि अधिवेशनही चालू नाही. मग या निधीतून 40 कोटींचा अग्रिम मिळतो. पण तो अग्रिमच. डिसेंबरच्या अधिवेशनात त्याच 40 कोटींची पुरवणी मागणी मांडावी लागते. ती मंजूर होऊन विनियोजन कायदा झाला, की खर्च एकत्रित निधीवर पडतो आणि आकस्मिकता निधी पुन्हा पूर्ववत भरतो. म्हणजे सभागृह टळत नाही, फक्त मागून येते. बहुमतातल्या सरकारची मागणी सहसा पडत नाही, हे मान्य. पण पूल, रक्कम आणि कारण छापील कागदावर येतेच. निधीचा आकारही मंत्रिमंडळ मनाला येईल तसा वाढवू शकत नाही. केंद्राचा निधी 2021 मध्ये 500 कोटींवरून 30,000 कोटींवर नेला, तोही कायद्यात दुरुस्ती करून.

लोकलेख्याबाबत मात्र दाव्यात अर्धे सत्य आहे. कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, ठेकेदाराची अनामत, न्यायालयातल्या ठेवी असे दुसऱ्यांचे पैसे इथे असतात. काम संपल्यावर अनामत परत द्यायला सभागृहाचे मत लागत नाही, कारण तो पैसा मुळात सरकारचा नाही. रोकड एकत्र असल्याने हाच पैसा सरकारच्या रोजच्या गरजा भागवतो, हेही खरे. तरी वहीत ते देणे म्हणूनच राहते आणि भविष्य निर्वाह निधीवरचे व्याज सरकारला एकत्रित निधीतूनच भरावे लागते.

खरी पळवाट बघायची असेल तर 31 मार्चची देयके बघा. आर्थिक वर्ष संपताच न वापरलेली तरतूद रद्द होते; तसे होऊ नये म्हणून रक्कम एकत्रित निधीतून काढून लोकलेख्यातल्या स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे एखाद्या अधिकाऱ्याच्या नावे ठेवलेल्या ठेव खात्यात, टाकली जाते. हिशेबात ती खर्ची पडली. प्रत्यक्षात काम सुरूही नाही. मंजुरी घेतली, कायदा पाळला, तरी सभागृहाला दाखवलेला खर्च झालेलाच नाही. महालेखापरीक्षकांच्या अहवालात या शिलकांवर आक्षेप येत राहतात तो यासाठीच.